बारशाचे तुकडे फोनमध्येच जोडायचेत, आजीचा पाळणा ऐकू आला पाहिजे

मृण्मयी_ठाणे
भाचीच्या बारशाचे अकरा व्हिडिओ आहेत, सगळे मिळून नऊ-दहा मिनिटांचे. त्यातून तीनेक मिनिटांचा एकच करायचाय. फोन सॅमसंगचा. वेगळं ॲप नकोय, फुकटच्या ॲपचा शिक्का कोपऱ्यात येतो. मी आधी एकेक व्हिडिओ कापून सेव्ह केला आणि मग जोडून वर गाणं टाकलं, तर आजीने म्हटलेला पाळणाच ऐकू येईना. आजीचा आवाज ठेवून गाणं कसं घालायचं?

निखिल७८
आयफोनवर हे सगळं फोटोजमध्येच होतं. सॅमसंगमध्येही तसंच असेल. Edit दाबा.

बापट_काका
निखिल, फोटोजमध्ये व्हिडिओ कापता येतो, पण दोन व्हिडिओ जोडता येत नाहीत. त्यासाठी आयमूव्ही लागतं. ते ॲपलचंच आणि फुकट असलं तरी ॲप वेगळं आहे.

मृण्मयी, एकेक तुकडा कापून सेव्ह करू नकोस. सेव्ह करताना फोन बहुधा व्हिडिओ नव्याने तयार करतो. जोडल्यावर तो पुन्हा एकदा होतो आणि प्रत्येक वेळी थोडी स्पष्टता जाते. मूळचे अकराही तसेच ठेव. गॅलरीत तीन आडव्या रेघांच्या मेनूत Go to Studio आहे का बघ. जुन्या फोनवर व्हिडिओ निवडून Create आणि मग Movie असं असतं. तिथे अकराही एका ओळीत घे आणि कापाकापी तिथेच कर. एकेका तुकड्यावर बोट ठेवलं की दोन्ही टोकांना कड दिसते, ती आत ओढायची. हात हलल्याचं चित्र बहुतेक सुरुवातीच्या दोन सेकंदांत आणि शेवटी असतं, तेवढं गेलं तरी निम्मं काम होतं. पाळणा मात्र कापू नकोस, सगळा ठेव.

आता आवाजाचं. गाणं सगळ्या व्हिडिओवर पसरलं म्हणून आजी दबली. गाण्याची पट्टी खाली वेगळी दिसते. तिचं शेवटचं टोक पाळणा सुरू होतो तिथपर्यंत आणून सोड. पाळणा संपला की तेच गाणं दुसऱ्यांदा घे आणि तिथून सुरू कर. मधल्या तुकड्यावर गाणंच नको. बाकीच्या तुकड्यांचा स्वतःचा आवाज अगदी बंद करू नकोस, थोडा ठेव. ‘कुर्र’ आणि बायकांचं हसणं गेलं तर ते बारसं कसलं?

सुजाता_नाशिक
मला वाटलं गाणं इन्स्टाग्रामवर म्यूट होतंय. माझं तसंच झालं होतं, पूर्ण रील गप्प.

मृण्मयी_ठाणे
नाही ताई, हे फक्त घरच्यांना पाठवायचंय. काका, गाणं दोनदा घेतलं, जमलं! पण माझ्या गाण्याच्या ॲपमध्ये डाउनलोड केलेलं गाणं यादीत दिसतच नाही. आत्ता फोनमधलंच तयार संगीत लावलंय.

बापट_काका
दिसणारही नाही. ती गाणी त्या ॲपपुरती कुलूपबंद असतात. फोनच्या साठवणीत गाण्याची स्वतंत्र फाइल असेल तरच एडिटरला सापडते. खरं तर मावशीला चार ओळी गुणगुणायला सांग आणि फोनच्या रेकॉर्डरवर घे. ती फाइल यादीत येते.

चिन्मय_पुणे
मी एकदा सरळ Save केलं आणि मूळ व्हिडिओ गेला म्हणून रडकुंडीला आलो. मग Revert ने परत आला. त्यामुळे घाबरायचं कारण नाही.

बापट_काका
चिन्मय, तुझ्याच फोनवर होता म्हणून आला. दुसऱ्याला पाठवलेला किंवा नव्या फोनवर नेलेला व्हिडिओ कापलेलाच राहतो. Save copy दिसत असेल तर तेच दाबावं.

मृण्मयी_ठाणे
एक शेवटचं. दोन तुकडे बाकीच्यांपेक्षा धूसर दिसतात आणि दोघांच्या वर-खाली काळे पट्टे आलेत.

बापट_काका
धूसर म्हणजे ते व्हॉट्सॲपवरून आलेले असणार. व्हिडिओच्या तपशिलात लांबी-रुंदीचे आकडे बघ, तुझ्या स्वतःच्या व्हिडिओपेक्षा खूपच लहान निघतील. ज्यांनी काढले त्यांच्याकडून डॉक्युमेंट म्हणून मागव, मग दाबले जात नाहीत. पट्टे येतात कारण ते आडवे आहेत आणि बाकीचे उभे. दोन बोटांनी मोठं करून चौकट भरता येते, पण कडेची माणसं कापली जातात.

मृण्मयी_ठाणे
कडेला आत्या उभी आहे. पट्टेच राहू देते 😄

निखिल७८
काका, माझ्या फोनवर आयमूव्हीत उभा व्हिडिओ आडवा होऊन येतोय, त्याचं काय?