सोन्याच्या चार्टवर आरएसआय 70 च्या खाली आला की शॉर्ट करावं का?

मुठाकाठ
नमस्कार मंडळी. एमसीएक्स गोल्ड मिनीचा डेली चार्ट बघतोय. आरएसआय 14 वर ठेवलाय, सोबत 20 आणि 50 दिवसांची मूव्हिंग अ‍ॅव्हरेज. भाव दोन्हींच्या वर आणि आरएसआय 75. डेक्कनच्या एका क्लासमध्ये सांगितलंय की 75 वरून 70 च्या खाली उतरला की शॉर्ट करायचं. एक लॉट टाकावा म्हणतोय. सेटिंग बदलू का?

कर्वेरोडकर
नुसत्या आरएसआयवर शॉर्ट नको. 20 चं अ‍ॅव्हरेज 50 च्या खाली गेलं की मगच विका. दोघांचाही कौल मिळाला की चूक होत नाही.

तराजू
पहिलं वाक्य सोळा आणे खरं. दुसरं धोक्याचं आहे, कारण दोन्ही इंडिकेटर त्याच क्लोजिंग भावातून निघतात. एकाच साक्षीदाराला दोनदा विचारल्यासारखं होतं ते. शिवाय भाव एका चालीने सरकत असेल तर 20 चं साधं अ‍ॅव्हरेज जवळपास साडेनऊ सत्रं मागे असतं, 50 चं साडेचोवीस. क्रॉस होईपर्यंत पडायचं ते बरंचसं पडून गेलेलं असतं, आणि सोनं एका पट्ट्यात फिरत असेल तर तुम्ही नेमके तळाला विकता.

मुठाकाठ, सेटिंग राहू द्या. 70 म्हणजे काय ते आधी आकड्यांत बघा. समजा 14 सत्रांची सरासरी वाढ 300 रुपये आणि सरासरी घट 100 आहे. गुणोत्तर 3, म्हणून आरएसआय 75. उद्या भाव 400 ने पडला, तर:

```
सरासरी वाढ = (300×13 + 0) / 14   = 278.6
सरासरी घट  = (100×13 + 400) / 14 = 121.4
RSI = 100 − 100 / (1 + 278.6/121.4) ≈ 69.6
```

झाला की सिग्नल! पण याच सरासऱ्यांच्या हिशोबाने 14 सत्रांत भाव साधारण 2,800 ने चढलेला आहे. त्यातले 400 परत आले, म्हणजे सातवा हिस्सा. याला तेजी मोडली म्हणत नाहीत. हाच आरएसआय एका दिवसात 50 वर यायला 2,600 ची घसरण लागेल. 70 आणि 50 मधलं अंतर किती मोठं आहे ते यावरून लक्षात येईल. गोल्ड मिनीचा लॉट 100 ग्रॅमचा आणि भाव 10 ग्रॅमचा, तेव्हा 400 रुपये उलटे गेले की लॉटमागे 4,000 गेले.

आणखी एक. शेअरची सवय असलेले साडेतीनला डेली आरएसआय बघून सौदा करतात. एमसीएक्सची कँडल रात्री साडेअकराला बंद होते, अमेरिकेतल्या हिवाळ्यात 11:55 ला. तिकडचे महागाईचे, रोजगाराचे आकडे आपल्याकडे संध्याकाळी सहाला किंवा सातला येतात. दुपारी 69 दिसलेला आरएसआय रात्री 73 वर बंद होऊ शकतो, आणि मग चार्टवर तो सिग्नल उरतच नाही.

सदाशिवपेठी
मुलीचं लग्न फेब्रुवारीत आहे, लक्ष्मी रोडवरून दागिने घ्यायचेत. आरएसआय 30 ला यायची वाट बघू का?

तराजू
नको हो. चांगल्या तेजीत डेली आरएसआय बऱ्याचदा 40-50 मधूनच परत वळतो, 30 येतच नाही आणि तारीख तर ठरलेली आहे. तीन-चार टप्प्यांत घ्या. घडणावळीवर घासाघीस करा, हातात काही पडलं तर तिथेच पडेल.

कर्वेरोडकर
पण 23 जुलै 2024 ला आरएसआय असाच कोसळला होता, आणि तिथे घेणारे फायद्यात राहिले!

तराजू
त्या दिवशी बजेटमध्ये आयात शुल्क 15 वरून 6 टक्क्यांवर आलं. एमसीएक्सवर भाव एका दिवसात सुमारे 4,000 ने खाली आला. ती विक्रीची लाट नव्हती, सरकारी बदल होता. आरएसआयला हा फरक कळत नाही. अ‍ॅव्हरेजचंही तेच: जुन्या शुल्काचे भाव 50 च्या अ‍ॅव्हरेजमध्ये पुढची 50 सत्रं बसून होते. ऑगस्टमध्ये डॉलरमधलं सोनं 2,500 च्या वर नवे उच्चांक करत होतं आणि आपला चार्ट मात्र जुलैच्या शिखराच्या खाली. म्हणून असा खड्डा दिसला की शेजारी `XAUUSD` उघडा. तिथे खड्डा नसेल तर कारण इथलं आहे, कौल धरू नका.

मुठाकाठ
मग सिग्नल कायम `XAUUSD` वरच बघू?

तराजू
मी तरी दिशा तिथेच बघतो.

कर्वेरोडकर
इथे नाही पटलं. सौदा रुपयात आहे. रुपया घसरला की डॉलरमध्ये सोनं जागचं न हलताही एमसीएक्स चढतो, आणि शॉर्टचा स्टॉप तिथेच उडतो. मी एमसीएक्सवरच बघणार.