मदत हवी आहे: फ्रीलान्सिंगचा तासाचा दर काढताना माझं गणित कुठे चुकतंय?

कागदकात्री

मी कोल्हापुरात राहते आणि पॅकेजिंग डिझाइन करते. मसाले, पापड, लोणची, चटण्या यांची लेबलं आणि पाउच हे माझं मुख्य काम. पुण्याच्या नोकरीत वर्षाला 9 लाखांचं पॅकेज होतं. आईच्या आजारपणात ती सोडून घरी आले आणि स्वतःचं काम सुरू केलं.

तेव्हा दर ठरवताना सरळ भागाकार केला होता. 52 आठवडे, आठवड्याला 40 तास, म्हणजे 2080 तास. 9 लाखांना त्याने भागलं की 433 येतात. म्हटलं, 450 लावू, वर चार पैसे सुटतील.

वर्ष संपल्यावर पासबुक आणि खर्चाची वही शेजारी ठेवली, तर हातात महिन्याला जेमतेम साडेएकोणीस हजार राहिलेत. रिकामी मात्र एक दिवस बसले नाही. म्हणून तीन आठवडे प्रत्येक तासाची नोंद ठेवली. एकूण 105 तास काम केलं आणि त्यातले फक्त 60 बिलात लागले. उरलेले 45 कोटेशन, फोन, प्रेसवर प्रूफ बघायला जाणं, थकलेल्या पैशांचा तगादा आणि बिलं बनवणं यांत गेले.

मग नवं गणित मांडलं. शनिवार-रविवार सोडून वर्षाचे 260 दिवस धरले. त्यातून सणवार, गावची जत्रा, आजारपण आणि थोडी सुट्टी असे 36 वजा केले. राहिले 224. रोज 7 तास म्हणजे 1568 तास. लॅपटॉपची झीज, सॉफ्टवेअर, फॉन्ट, नेट, आरोग्य विमा, सीए आणि फिरणं मिळून धंद्याचा खर्च 1,70,000. मला 9 लाख सुटायला हवेत, म्हणजे आणायचे 10,70,000. भागिले 1568 केले की 682 येतात. 43 टक्के वेळ फुकट जातो म्हणून त्यावर 43 टक्के चढवले, तर 975 होतात.

आकडा बरा दिसतोय, पण काहीतरी निसटतंय असं वाटतंय. कुणी तपासून द्याल का?

रोखठोक

एवढा काथ्याकूट कशाला? जुना ठोकताळा आहे: पॅकेजला 2000 ने भागा आणि दुप्पट करा. 9 लाखांचे 450, दुप्पट 900. तुमचे 975 आलेत, म्हणजे बरोबरच आहे. मी सहा वर्षं असंच करतोय.

मिरचीपूड

मला एक कळलं नाही. 45 तास फुकट काम का करता? क्लायंटला स्पष्ट सांगायचं, पैसे नाहीत तर काम नाही. आपल्याकडच्या मुलींना नाही म्हणायला शिकवतच नाहीत.

कागदकात्री

मिरचीपूड, फुकट काम म्हणजे कुणाला लेबल फुकट करून देत नाही हो. कोटेशन लिहिण्याचं बिल कुणाला लावणार? रोखठोक, दोन आकडे जवळ आले म्हणून दोन्ही बरोबर असं कसं?

वहीतला_अनुवादक

ठाण्यातून तांत्रिक अनुवाद करतो, 14 वर्षं झाली. तुमच्या गणितात एकच पायरी चुकली आहे, पण ती महाग पडणारी आहे.

ताळा करून बघा. दिवसाच्या 7 तासांतले बिलात लागणारे किती? 105 तासांना 60, म्हणजे 7 तासांना बरोबर 4. वर्षाला 224 गुणिले 4, म्हणजे 896 तास. तुम्ही विकता ते एवढेच. आता 975 ने गुणा. 8,73,600 येतात. खर्चाचे 1,70,000 काढले की 7,03,600 उरतात. 9 लाख कुठे गेले?

वेळेतून 43 टक्के गेले की दरावर 43 टक्के चढवून भरपाई होत नाही. सातातले तीन गेले, तर उरलेल्या चारांनी सातांचं ओझं उचलायचंय. म्हणजे पावणेदोन पट, 75 टक्के जास्त. म्हणून टक्केवारी चढवायच्या फंदात न पडता थेट विकलेल्या तासांनी भागावं. 10,70,000 भागिले 896 म्हणजे 1194.

रोखठोकांचा ठोकताळा अगदीच टाकाऊ नाही. दुप्पट करण्यात सुट्ट्या आणि फुकट तास साधारण भरून निघतात. पण खर्चाला त्यात जागाच नाही. ज्याला लॅपटॉप आणि नेट एवढंच लागतं त्याचं 900 मध्ये निभेल. यांचे 1,70,000 त्यात बसत नाहीत.

आणखी एक विचारतो. बिल केलं आणि पैसे आलेच नाहीत, असं वर्षात किती झालं?

कागदकात्री

अरे देवा. 75 टक्के! कागदावर करून बघितलं, खरंच तसंच येतंय.

या वर्षी सगळे पैसे आले, उशिरा का होईना. पण नुकतंच एका पापडवाल्याने काम घेतल्यावर फोन उचलणं बंद केलंय. साधारण वीस हजार अडकलेत.

वहीतला_अनुवादक

वीसमधलं एक बिल बुडतं असं धरा, म्हणजे 5 टक्के. इथेही तेच: 5 टक्के चढवायचे नाहीत, 0.95 ने भागायचं. 1194 चे 1257 होतात. 1250 हा तुमचा तळ धरा. याच्याखाली काम घेतलंत तर फरक तुमच्या पगारातून जातो, हे माहीत असू द्या.

खर्च कापून दर खाली आणू, असंही डोक्यात येईल. करून बघा. वर्षाचे 20,000 वाचवलेत तर तासामागे 23-24 रुपयेच कमी होतात. उलट रोजचे 4 तास साडेचार झाले, तर तास 1008 होतात आणि दर 1117 वर येतो. अर्ध्या तासाने 140 रुपये. म्हणून मी वर्षातून दोनदा तीन-तीन आठवडे वही ठेवतो. तुमची नोंद कुठल्या महिन्यातली आहे? दिवाळीच्या आधीची असेल तर 4 तासही जास्त धरलेत.

कागदकात्री

सप्टेंबरची आहे. दिवाळीच्या फराळाची पाकिटं चालू होती. पावसाळ्यात एवढं काम नसतं.

वहीतला_अनुवादक

मग जूनमध्ये पुन्हा मोजा. तोवर 1250 वर विसंबू नका.

फोकस_सांगली

आमचं काय? लग्नाचे फोटो काढतो. तासाचा हिशेबच नाही, मुहूर्त असेल तेव्हाच काम. वर्षाला 45 दिवस मिळाले तरी डोक्यावरून पाणी. चातुर्मासात तर कॅमेऱ्याला धूळ. माझा तासाचा दर कोणी काढून देईल का?

वहीतला_अनुवादक

तुम्ही तास काढूच नका. वर्षाची गरज आणि खर्च मिळवून 45 ने भागा, तोच लग्नाच्या दिवसाचा तळ. अल्बम करण्याचे दिवस 45 मध्ये मिळवू नका. ते त्याच दिवसांच्या पोटात जातात.

फोकस_सांगली

आणि ड्रोनवाला? तो वेगळे घेतो.

जमाखर्च

करातला एक गोंधळ आधीच मिटवतो, नाहीतर कुणीतरी "टीडीएस 10 टक्के कापतात, तेवढे वाढवा" म्हणेल. टीडीएस हा खर्च नाही. तो तुमचाच कर आधी भरलेला असतो, विवरणात वजा होतो, जास्त कापला गेला तर परत येतो. अडचण एवढीच, की पैसे काही महिने अडकून राहतात. जीएसटीही दरात घालायचा नाही. सेवांची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर आपल्याकडे सहसा नोंदणी लागत नाही, आणि लागलीच तर तो बिलात वरून वेगळा लावतात.

ताईंचे 9 लाख करापूर्वीचे आहेत हे मात्र लक्षात ठेवा. नोकरीतल्या 9 लाखांत कंपनीचा पीएफचा वाटा होता ना? तो आता स्वतः बाजूला काढायचाय.

कागदकात्री

हो, पीएफ आणि ग्रॅच्युइटी त्यातच होतं. म्हणून 9 लाखच ठेवलेत. विम्याचे पैसे कंपनी वेगळे भरायची, ते खर्चात घेतलेत.

रोखठोक

करासाठी निम्मं उत्पन्न दाखवायची सोय आहे की. खर्चाच्या पावत्याही ठेवायला नकोत.

जमाखर्च

ती ठराविक व्यवसायांना आहे. वकील, डॉक्टर, अभियंते, वास्तुरचनाकार, लेखापाल, तांत्रिक सल्ला, अंतर्गत सजावट वगैरे. ग्राफिक डिझाइन असं नाव त्यात सरळ येत नाही. बसतं की नाही यावर सीएंचंही एकमत नसतं. ताई, स्वतःच्या सीएकडून लेखी घ्या, तोवर पावत्या जपा.

छापखाना_इचल

सगळं ऐकलं. माझी प्रेस आहे. आमच्याकडे पाच हजार लेबलं छापली की डिझाइन फुकट देतात, चांगलं नसतं तो भाग वेगळा. तासाला 1250 ऐकून इथला चटणीवाला चहासुद्धा विचारणार नाही. पुण्या-मुंबईचे आकडे इकडे चालत नाहीत.

कागदकात्री

दादा, तेच माझं दुखणं आहे. चार चवींच्या चटणीचं काम 14 तास धरून 6,300 ला घेतलं होतं. लागले 31. तासाला 203 पडले. आणि 31 तासांना 1250 लावले तर 38,750 होतात, ते कोण देणार?

मिरचीपूड

मग मी काय म्हणत होते! 14 चे 31 कसे झाले?

कागदकात्री

आधी मालकांना रंग आवडला, मग त्यांच्या भावाला नाही. मग घटकांची यादी बदलली. मग चौथी चव रद्द झाली आणि परत आली. आता मोजलं तर बदलांतच 15 तास गेलेत. म्हणजे तुमचं थोडं खरं होतं. ते तास मी बिलात न लावता गिळले.

वहीतला_अनुवादक

मग तासाचा दर त्यांना सांगूच नका, तो तुमच्या वहीत राहू दे. पहिल्या चवीचं मूळ लेबल 10 तास, पुढच्या तीन प्रत्येकी 2 तास, म्हणजे 16 तास, 20,000 रुपये. त्यात बदलांच्या दोन फेऱ्या. तिसऱ्या फेरीपासून तासावर, आणि निम्मे पैसे आगाऊ. हे सगळं कोटेशनमध्येच लिहा, नंतर तोंडी सांगितलेलं कुणाला आठवत नाही.

छापखानावाल्यांशी मी भांडणार नाही. 20,000 न देणारे गिऱ्हाईक खरंच आहेत. पण ती गिऱ्हाइकं 450 ला धरून ठेवली, तर वर्षाचे 896 तास त्यांच्यातच संपतात.

छापखाना_इचल

आणि 20,000 देणारी नाही मिळाली तर? कोल्हापुरात 896 तास भरतील एवढी आहेत का, ते सांगा.

कागदकात्री

हे मलाही माहीत नाही. त्याच चटणीवाल्यांचं लोणच्याचं काम आलंय, चार प्रकार. काल रात्री 20,000 चं कोटेशन पाठवलं, दोन फेऱ्या आणि आगाऊ रकमेसकट. आज दुपारी उत्तर आलं: "बघतो, भावाशी बोलून सांगतो."

फोकस_सांगली

भावाला आधी रंग दाखवा. आणि ड्रोनचं कोणी सांगितलंच नाही.