मदत हवी आहे: एक्सॉर बरोबर येतोय पण जिंकणाऱ्या चाली कमी मोजल्या जातायत

खडेफोड:
खड्यांचे ढीग आहेत, एका पाळीत कुठल्याही एका ढिगातून १, ३ किंवा ४ खडे काढायचे, २ चालत नाहीत, ज्याला चालच उरली नाही तो हरला. जिंकून देणाऱ्या पहिल्या चाली किती आहेत ते मोजायचंय. मेक्स लावून निम व्हॅल्यू काढल्या, ० ते १० खड्यांसाठी ०, १, ०, १, २, ३, २, ०, १, ०, १ येतात, हाताने पण तपासल्यात. कोण जिंकणार हे प्रत्येक टेस्टला बरोबर येतं पण चालींचा आकडा चुकतो. ५, ९, १० ला उत्तर २ पाहिजे, माझं १ येतंय.

```
for n in piles:
    t = g[n] ^ x
    if t < g[n] and t in opts[n]:
        count += 1
```

`x` म्हणजे सगळ्या व्हॅल्यूंचा एक्सॉर, `opts[n]` मध्ये त्या ढिगातून जिथे जाता येतं तिथल्या व्हॅल्यूंचा सेट.

बिनधास्त_बिट:
५, ९, १० चा एक्सॉर ६ येतो, म्हणजे ५ चे ३ कर, २ खडे काढ, झालं. एवढा कोड कशाला?

खडेफोड:
अहो २ काढताच येत नाहीत, पहिल्याच ओळीत लिहिलंय.

बिनधास्त_बिट:
अर्रर्र, साधा निम समजलो मी. सॉरी.

शेवटचा_खडा:
मला तर उत्तरच चुकीचं दिलेलं वाटतंय. ९ ची व्हॅल्यू ० आहे ना, मग तो ढीग मेलेला, बाजूला ठेव. राहिले ५ आणि १०, व्हॅल्यू ३ आणि १. ५ मधून ४ काढून १ खडा ठेवला की दोन्हीकडे १ आणि १. दुसरी चाल कुठून आणणार?

निमकर:
कोण जिंकणार एवढंच पाहायचं असेल तर ९ बाजूला ठेवलास तरी चालेल, पण चाली मोजताना नाही. ९ वरून ८, ६ आणि ५ वर जाता येतं, त्यांच्या व्हॅल्यू १, २, ३. यात ० नाही म्हणून तर मेक्स ० आला, ढिगात चाली नाहीत असं थोडीच आहे! आता एक्सॉर २ आहे, म्हणजे ९ चा ढीग २ व्हॅल्यूवर न्यायचाय. ९ मधून ३ काढा, ६ उरले, व्हॅल्यू २. एकूण ३, २, १ चा एक्सॉर शून्य. ही तुमची दुसरी चाल. १० च्या ढिगाला ३ व्हॅल्यू हवी, पण तिथून फक्त ० नाहीतर २ मिळते, तिथे काही नाही.

खडेफोड, तुमची `t < g[n]` ही अट साध्या निममधून आलीय. तिथे ढीग वाढत नाही म्हणून ती खपते, इथे खडे कमी होऊन व्हॅल्यू वाढू शकते. अट काढून टाका.

खडेफोड:
काढतो. पण एक पटत नाहीये, मी व्हॅल्यू वाढवली तर समोरचा ती लगेच खाली आणेल ना? ६ मधून ४ काढून २ ठेवले की परत व्हॅल्यू ०.

निमकर:
आणू दे की. मग ५, २, १० असे ढीग आणि एक्सॉर परत २, पण पाळी तुमची! ५ मधून ४ काढा, एक्सॉर शून्य. उलट शून्यावर अडकलेल्याने अशी व्हॅल्यू वाढवली तर खाली आणायचं काम तुमचं, तो नुसता वेळ काढतोय, आणि खडे संपत चाललेत.

खडेफोड:
अट काढली, ५, ९, १० ला २ आलं 🙂 पण नुसता १० चा एकच ढीग असलेली टेस्ट अजून फेल, पाहिजे २, येतंय १.

निमकर:
सेटमुळे. १० वरून ९ आणि ७ दोन्हीकडे व्हॅल्यू ०, सेटमध्ये ते एकच शून्य राहतं. मेक्सला ते ठीक आहे, त्याला फक्त कुठला आकडा हजर आहे एवढंच बघायचं असतं, पण मोजायच्यात चाली, व्हॅल्यू नाहीत. चालीच फिरवा:

```
for k in (1, 3, 4):
    if n >= k and g[n-k] == t:
        count += 1
```

शेवटचा_खडा:
बरं, ९ बद्दलचं माझं मागे घेतो. पण माझ्याकडे असाच खेळ आहे ज्यात शेवटचा खडा उचलणारा *हरतो*. मी सगळं हेच ठेवून शेवटी उत्तर उलटं केलं तर साफ चुकतंय.

निमकर:
चुकणारच. साध्या निममध्ये थोडा बदल करून भागतं, कारण १ पेक्षा मोठा एकच ढीग उरेपर्यंत तीच चाल खेळायची असते. बाकीच्या खेळांना ही व्हॅल्यू पुरत नाही, दोन ढिगांची व्हॅल्यू सारखी असूनही ते वेगळे वागू शकतात. नवीन धागा काढ, नियम नीट लिही, बघू.

खडेफोड:
सगळ्या टेस्ट पास झाल्या. फक्त ढीग १० कोटींचा असला की अ‍ॅरे मेमरीत मावत नाहीये.

बिनधास्त_बिट:
तुझ्याच आकड्यांत ७ पासून परत ०, १, ० सुरू झालंय बघ. ७ ने भागून बाकी घे. मोठ्यात मोठी चाल ४ आहे ना, तेव्हा सलग ४ व्हॅल्यू जुळतायत का तेवढं तपास, मग पुढे सगळं तेच येतं.

खडेफोड:
७ ते १० जुळतायत की! धन्स.