क्षाराच्या पाण्यात डिशवॉशर: टॅबलेट, पावडर की रिन्स एड? तुमचे अनुभव सांगा

वाघूरपाणी (जळगाव)

आमच्या कॉलनीत पालिकेचं पाणी एक-दोन दिवसांआड येतं, बाकी सगळा कारभार बोअरवर. डिशवॉशर घेतलं तेव्हा दुकानदाराने 'ऑल इन वन' टॅबलेटचा डबा हातात दिला आणि म्हणाला, यात मीठ, रिन्स एड सगळं आहे, वेगळं काही घ्यायला नको. पहिले दिवस बरे गेले. आता स्टीलचे पेले वाळले की पांढुरके दिसतात, आणि बोट फिरवलं की पिठासारखं लागतं. शेवभाजीच्या कढईचं तेल मात्र छान निघतं, म्हणजे टॅबलेट काम करतेय. मग हे पांढरं काय? खान्देशात क्षाराच्या पाण्यावर मशीन चालवणाऱ्यांनी आपापला अनुभव लिहा: टॅबलेटवर पैसे घालावेत की पावडर स्वस्त पडते, आणि रिन्स एड खरंच लागतं का?

तापीकाठचा (भुसावळ)

ताई, पहिले टीडीएस मोजा. आमच्या बोअरचा मीटरवर ९०० येतो, म्हणून मी मशीनची पाणी मऊ करायची सेटिंग सगळ्यात वरच्या आकड्यावर ठेवलीय. मीठ टाकून महिना झाला, तरी मशीनच्या तळाशी उरलेल्या पाण्याचा टीडीएस ९०० च्याच आसपास. म्हणजे मशीनमधलं ते मऊ करणारं यंत्र नुसतं नावाला. मी तर मीठ बंदच करणार आहे.

नळदुरुस्ती (धुळे)

भाऊ, मीठ बंद करू नका. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळं: कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, क्लोराइड, सगळं एका आकड्यात. भांड्यावर पांढरं बसतं ते मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे. मशीनमधली राळ, म्हणजे ते बारीक मणी, कॅल्शियम धरून ठेवते आणि त्याच्या जागी सोडियम सोडते. पाणी मऊ होतं, पण मीटरला सोडियमही दिसतो, म्हणून आकडा जवळपास तोच राहतो. तुमचा मीटर बरोबर आहे, तो वेगळंच मोजतोय इतकंच. कठीणपणा मोजायच्या पट्ट्या मिळतात, नाहीतर पाण्याच्या प्रयोगशाळेत नमुना द्या आणि 'टोटल हार्डनेस' हा आकडा मागा.

आता ताईंच्या प्रश्नाकडे. माझ्या एका ग्राहकाची गोष्ट सांगतो, बोअर तुमच्यासारखंच. हार्डनेस आला ४८० पीपीएम. मशीनच्या पुस्तिकेत कठीणपणा बहुतेक वेळा जर्मन अंशांत असतो, म्हणून १८ ने भागा: साधारण २७. ज्या मशीनवर H:00 ते H:07 असे आकडे येतात त्यातल्या बऱ्याच मॉडेलांत २२ ते ३० अंशांसाठी H:06 लावतात. त्यांच्या मशीनवर होता H:01. 'ऑल इन वन'मध्ये क्षार धरून ठेवणारे पदार्थ असतात, पण बऱ्याच पुस्तिकांत लिहिलेलं असतं की ते साधारण २१ अंशांपर्यंतच पुरतात. त्यापुढे मीठ हवंच. शिवाय काही मशीनमध्ये 'टॅबलेट' हे बटण दाबलं की मिठाचा दिवा पेटतच नाही, आणि घरच्यांना वाटतं सगळं ठीक आहे.

त्यांना मी एवढंच करायला सांगितलं: मिठाच्या कप्प्यात पहिल्यांदा पाणी भरून वर डिशवॉशरचं जाडं मीठ टाकायचं, आकडा H:06 वर न्यायचा, आणि सांडलेलं मीठ स्टीलला खातं म्हणून लगेच एक रिकामा फेरा मारायचा. टॅबलेटचा डबा संपेपर्यंत तोच वापरला. तेवढ्यानेच पांढरं पुष्कळ कमी झालं. जुना थर मात्र आपोआप जात नाही, तो आधी काढायला लागला.

काकू अमळनेरकर

तो थर कसा काढायचा ते मी सांगते. पांढऱ्या पेल्यावर एक चमचा व्हिनेगर टाका, दोन मिनिटं ठेवा, बोटाने चोळा. निघालं तर क्षार. नाही निघालं तर काच खराब झाली आहे, आणि ती परत येत नाही. माझ्या सुनेच्या चहाच्या काचेच्या कपांचं तसंच झालं. इकडे सगळे मऊ पाण्याच्या मागे लागतात, पण तिच्याकडे उलट होतं: नळाचं पाणी आधीच बरं, तरी मशीन लावणाऱ्याने आकडा वरती करून ठेवलेला, त्यात ती पावडर भरपूर टाकायची आणि तापमानही वरचंच ठेवायची. अति मऊ पाणी आणि जास्त साबण काचेला धुरकट करतात. स्टीलला हा त्रास नाही. कप साधे असतील तर फार मनावर घेऊ नका.

केळीबाग (रावेर)

पानीच खारं शे भो, त्यामा आखो मीठ कसाले टाकवानं?

नळदुरुस्ती (धुळे)

भाऊ, मीठ भांड्यांपर्यंत जात नाही. ते फक्त राळ धुवायला लागतं, मग गटारीत जातं. पण घरचं आयोडीनवालं बारीक मीठ नको. त्यात मोकळं ठेवायचे पदार्थ असतात आणि ते कप्प्यात गोळा होतं. सैंधवही नको, त्यातली माती राळेत अडकते.

खर्चाचा माणूस (चोपडा)

मीठ कळलं, पण माझा प्रश्न पैशांचा आहे. आमच्या दुकानात टॅबलेट एक सुमारे १८ रुपयांना पडते. पावडर मी एका फेऱ्याला २० ग्रॅम टाकतो, ती ९ रुपयांची. रिन्स एड साधारण ३, मीठ ३. म्हणजे पावडरचा फेरा १५ आणि टॅबलेटसोबत मीठ धरलं तर २१. मी आता टॅबलेट घेतच नाही. आधी मी टॅबलेट सुरीने अर्धी करायचो, तेही चालत होतं. वरच्या रंगीत थरातून खालपर्यंत उभी कापायची, म्हणजे दोन्ही तुकड्यांत सगळे थर येतात. उरलेली अर्धी डब्यात घट्ट झाकून ठेवावी लागते, नाहीतर पावसाळ्यात ओलावा धरून चिकटते.

नळदुरुस्ती (धुळे)

हिशोब बरोबर. पावडरचा दुसरा फायदा कोणी सांगितला नाही, तो इथे महत्त्वाचा. भरीत, काळ्या मसाल्याची तर्री, शेवभाजी, इतक्या तेलाची भांडी असली की धुण्याआधीच्या पहिल्या पाण्यातही थोडं साबण हवं. टॅबलेट मुख्य धुण्याच्या वेळीच कप्प्यातून पडते, तिला आधी वाटता येत नाही. पावडर मात्र अर्धा चमचा दाराच्या आतल्या बाजूला टाकता येते आणि बाकीची कप्प्यात. तर्रीच्या कढया असतील तेव्हाच असं करा, रोज कशाला? आणि घाईच्या छोट्या फेऱ्यात टॅबलेट अर्धवट विरघळते, तिथेही पावडरच.

अॅल्युमिनियमची कढई मात्र कशानेही टाकू नका, काळी पडते.

वीरचकवासी (नंदुरबार)

आमच्याकडे उलट अनुभव. आमच्या नळाला धरणाचं पाणी येतं, पट्टीवर हार्डनेस साधारण १५० पीपीएम दिसतो. मी फक्त टॅबलेट वापरते. मीठ नाही, रिन्स एड नाही, आणि भांडी चकचकीत. त्यामुळे टॅबलेट म्हणजे पैसे वाया असं सरसकट म्हणू नका. घरी सासूबाई आहेत, त्यांना चमचा मोजायला लावण्यापेक्षा एक टॅबलेट टाकायला सांगणं सोपं. तेवढ्यासाठी मी जास्तीचे रुपये खुशाल देते.

तापीकाठचा (भुसावळ)

ठीक आहे, मीठ चालू ठेवतो. पण टॅबलेटमध्येच रिन्स एड असेल तर ते शेवटच्या पाण्यापर्यंत टिकतं कसं? मुख्य धुण्याचं पाणी तर मशीन ओतून टाकतं.

नळदुरुस्ती (धुळे)

हा मुद्दा खरा आहे. कंपन्या म्हणतात की त्यातले काही पदार्थ भांड्यावर चिकटून राहतात आणि शेवटच्या पाण्यात काम करतात. काही घरांत तसं दिसतंही. पण वेगळं रिन्स एड शेवटच्या गरम पाण्यातच सुटतं, त्यामुळे पाणी थेंबाऐवजी पातळ पापुद्र्यासारखं निथळतं आणि डाग पडायला थेंबच उरत नाही. माझ्या मते आधी मीठ आणि आकडा नीट करा, आठवडाभर बघा. तरीही पेल्यावर थेंबाचे गोल डाग दिसले तर रिन्स एड घ्या. पूर्ण पांढरा थर असेल तर ते रिन्स एडचं काम नाही, ते मिठाचं.

काकू अमळनेरकर

आमच्याकडे रिन्स एडचं माप जास्त झालं होतं. काचेवर निळसर रेघा यायच्या आणि फेस उरायचा. डायल दोनवर आणली तेव्हा गेलं.

शेतातला इंजिनिअर (यावल)

आमच्याकडे बाहेरचं महाग पडतं म्हणून मी घरीच धुण्याचा सोडा आणि सायट्रिक अॅसिड मिसळून पावडर करतो. सायट्रिकने क्षार जातो, सोड्याने तेल. कोणाला प्रमाण हवं असेल तर सांगतो.

नळदुरुस्ती (धुळे)

दोन्ही वेगवेगळे चांगले आहेत, एकत्र नाही. सोडा अल्क, सायट्रिक आम्ल. पाण्यात पडले की एकमेकांनाच खातात, फेस येतो तोच तो. शिवाय स्टार्च आणि अंड्यावर काम करणारे एन्झाइम त्यात नाहीत, आणि कठीण पाण्यात सोडा स्वतःच कॅल्शियमसोबत पांढरं बसवतो. सायट्रिक वेगळं ठेवा: दोन-तीन महिन्यांतून एकदा, रिकामं मशीन, साधारण १०० ग्रॅम, गरम फेरा, साबण नाही.

शेतातला इंजिनिअर (यावल)

माझं तर दोन वर्षं चालतंय, पेले स्वच्छ दिसतात.

काकू अमळनेरकर

तुमचं पाणी किती कठीण आहे ते आधी मोजा, मग बोलू. भांड्यांपेक्षा फवाऱ्याच्या पात्याची भोकं बघा, पांढरं तिथेच आधी दिसतं.

गिरणाकाठी (चाळीसगाव)

कपड्यांच्या मशीनमध्ये पण हे मीठ टाकता येतं का? आमच्या साड्या कडक होतात.

नळदुरुस्ती (धुळे)

नाही, त्यात राळ नसते, मीठ टाकलं तर नुसतं खारं पाणी होईल. तुमचा विषय वेगळा आहे.

वाघूरपाणी (जळगाव)

व्हिनेगरने निघालं, म्हणजे क्षारच. पट्टीवर रंग ४०० ते ५०० च्या मधला येतोय. मीठ मागवलं, आकडा H:06 वर नेला, आणि टॅबलेटचा डबा संपला की पावडर घेणार. एकच अडचण. उन्हाळ्यात बोअर आटलं की टँकर येतो, आणि टँकरचं पाणी दर वेळी वेगळ्या विहिरीचं. मग आकडा दर वेळी बदलायचा का?

तापीकाठचा (भुसावळ)

आमच्याकडे मे महिन्यात हेच. मी वरचाच ठेवतो, मीठ जास्त गेलं तर गेलं.

काकू अमळनेरकर

काचेचे कप नसतील तर चालेल. असतील तर टँकर आला की पट्टी बुडवा, मशीनच्या आकड्यापेक्षा पट्टी स्वस्त आहे. मला ऑनलाइन मिळाल्या. फिशटँकच्या दुकानातही विचारून बघा.