परदेशातल्या चकल्यांचा भाव

> मूळची परभणीची, सध्या लेस्टरला असते. दिवाळीच्या चकल्यांना गावाकडच्या भावाच्या तिप्पट लावू का?

ताई, गावाकडचा भाव मनातून काढून टाका. मी लातूरला परत येण्याआधी सहा दिवाळ्या बर्मिंगहॅमला ऑर्डरी केल्या. पहिल्या वर्षी आईला विचारून भाव लावला आणि हाती काहीच उरलं नाही, कारण माझे तास त्यात धरलेच नव्हते.

माझा शेवटच्या वर्षीचा हिशोब सांगते. २ किलो भाजणीला डाळी, तांदूळ, तीळ, तेल मिळून १० पौंड, वीज १, डबे-लेबलं ५. भाजणं, दळणं, तळणं, पॅकिंग असे ४ तास. तासाला १२ धरले तर ४८. एकूण ६४. तुटक्या चकल्या बाजूला काढून पाव किलोचे १० डबे भरले, म्हणजे डबा ६ पौंड ४० पेन्सला पडला. मी ७ ला विकला. तेलाच्या खर्चात कढईत उरलेलं, पुन्हा न वापरता येणारं तेलही धरायचं, ते हमखास विसरायला होतं.

पोचवणं यात अजिबात मिसळू नका. एका डब्यासाठी चाळीस मिनिटं गाडी चालवली की त्या डब्याची कमाई गेलीच. मी शनिवारी देवळापाशी एकच वेळ ठेवली होती. घरपोच हवं त्याला वेगळे पैसे.

आणि हिंगाची डबी वाचा, बऱ्याच हिंगांत गव्हाचं पीठ असतं. लेबलवर गहू आणि तीळ दोन्ही ठळक लिहा. तिथल्या कौन्सिलकडे खाद्यव्यवसायाची नोंदणी विक्री सुरू करण्याच्या किमान २८ दिवस आधी करायची असते, ती फुकट होते.