सपोर्टवर कोण उभं आहे ते पूलमध्ये बघा, कॅन्डलमध्ये नाही

भाव_बघणारा (नांदेड): "टोकन काल ०.०१ डॉलरवर तिसऱ्यांदा सपोर्ट घेऊन उठलं. एका कॅन्डलमध्ये २१ टक्के वर, व्हॉल्यूमसकट. चार्ट हा चार्ट असतो, निफ्टीचा असो की युनिस्वॅपचा. पुढच्या कॅन्डलला एंट्री घ्या."

उदगीरचा_बापू: हे वाचून रात्री झोप लागली नाही म्हणून लिहायलो. भाऊ, त्या कॅन्डलखालचे व्यवहार उघडून बघितलेस का? मी बघितले. खरेदी एकच आहे, २,००० डॉलरची, एकाच वॉलेटची. युनिस्वॅप व्ही२ चा पूल आहे, म्हणजे टोकन आणि डॉलरचा एक सामायिक हौद, स्क्रीनवर लिक्विडिटी ४०,००० दिसते, पण त्यातले यूएसडीसी, म्हणजे डॉलरला बांधलेलं नाणं, फक्त २०,०००, बाकी निम्मं म्हणजे टोकनच, २० लाख नग. हौदातल्या दोन्ही आकड्यांचा गुणाकार कायम राहतो, म्हणून २,००० आत गेले की यूएसडीसी २२,००० होतात आणि टोकन १८,१८,१८२ उरतात, म्हणजे घेणाऱ्याला १,८१,८१८ मिळाले सरासरी ०.०११ नं, आणि भाव जाऊन बसला ०.०१२१ वर. झाली तुझी २१ टक्के कॅन्डल. बाजाराचा मूड बिड काही बदललेला नाही, छोट्या हौदात एक बादली पडली एवढंच.

आता तुझं ऐकून कुणी १,००० डॉलर घातले तर काय होतं ते पण मांडून बघितलं, ०.३ टक्के फी सोडून. त्याला ७९,०५१ टोकन मिळतात, सरासरी ०.०१२६ च्या वर. मग पहिला गडी आपला सगळा माल विकतो, त्याला २,१७७ मिळतात. आपला माणूस त्यानंतर विकायला जातो तर हातात ८२३. याचे १७७ गेले, त्याला १७७ आले. चार्टवर मात्र हे "ब्रेकआउट फेल झाला" असं दिसणार आणि लोकं स्टॉपलॉसवर चर्चा करत बसणार.

भाव_बघणारा: बापू, गणित चांगलंय पण तू गृहीत धरलंस की पहिला विकणारच. नाही विकलं तर? आणि सपोर्ट हा लोकांच्या डोक्यात असतो, तीनदा लोकं ०.०१ लाच आले हे खोटं आहे का? आणि आपल्याच खरेदीनं भाव हलतो त्या इम्पॅक्टचं मला सांगू नको, मी स्लिपेज ०.५ ठेवतो, त्याच्या वर गेलं तर व्यवहार होतच नाही.

उदगीरचा_बापू: हीच गफलत! स्लिपेजचा ०.५ कुठून मोजतात? वॉलेट तुला जो आकडा दाखवतं तिथून, आणि त्या आकड्यात तुझा स्वतःचा इम्पॅक्ट आधीच धरलेला असतो. वरच्या १,००० च्या खरेदीत सरासरी भाव साडेचार टक्के चढा तिथंच लागला आणि तुझं ०.५ गप्प बसून राहिलं. ते फक्त तू बटन दाबल्यापासून व्यवहार लागेपर्यंत दुसरं कुणी मध्ये घुसलं तर त्याच्यापासून वाचवतं. तुझ्याच वजनानं भाव हलतो त्याच्यापासून नाही.

मोंढा_रोड_परभणी: मला ह्या टोकनातलं लई कळत नाही, मुलगा करतो, पण सपोर्टचं वाचून राहवलं नाही. आमच्या सोयाबीनला २०२४ ला हमीभाव होता ४,८९२. तो पण सपोर्टच म्हणायलेत ना? मोंढ्यात माझं गेलं ४,१०० नं. खरेदी केंद्रावर नेलं तर ओलावा १२ च्या वर आहे म्हणून वापस, भाडं माझ्या अंगावर. कागदावर रेघ होती, रेघेवर घेणारं कुणी नव्हतं.

जालना_३१: काका इथं पूलचं चाललंय, सोयाबीन कुठून आलं.

मोंढा_रोड_परभणी: कामून? भाव म्हणजे भाव. वाळवायला जागा नाही, पाऊस ऑक्टोबरपर्यंत, आणि मीटर कुणाचा खरा ते कोण बघतं. दोन केंद्रांवर दोन आकडे निघाले एकाच कट्ट्याचे.

धाराशिवची_लेक: काका बरोबर बोलायलेत, आमच्या बाबांचं पण तेच झालं, बारदाना नाही म्हणून आठ दिवस ट्रॅक्टर उभा. तुम्हाला विषयाबाहेर वाटत असंल तर वाटू द्या.

जालना_३१: मी शेतकऱ्याचाच पोरगा आहे, मला शिकवू नका. एवढंच म्हणतो की मोंढ्यात तुमच्या दहा क्विंटलनं भाव हलत नाही, सौद्यात दहा व्यापारी उभे असतात. पूलमध्ये प्रत्येक बोलीनं भाव हलतो. दोन्ही एक नाही.

मोंढा_रोड_परभणी: दहा उभे असतात, बोलतात दोघंच. तुम्ही या एकदा दिवाळीच्या आधी.

उदगीरचा_बापू: काका, तुमचा मुद्दा मला पटला, मी तर म्हणतो तुम्हीच नीट सांगितलं. पूलमध्ये ०.०१ वर कुणाचीही ऑर्डर लावलेली नसते. भाव वर असो की खाली, विकणाऱ्याचा माल त्याच वळणानं खाली ओढतो.

संभाजीनगर_रात्रपाळी: थांब बापू, हे व्ही२ पुरतं खरं. व्ही३ मध्ये, म्हणजे २०२१ पासून, लिक्विडिटी देणारा आपले पैसे ०.००९ ते ०.०१ एवढ्याच पट्ट्यात लावू शकतो. भाव वर असताना ते सगळे यूएसडीसीच असतात, आणि भाव पट्ट्यात उतरला की तेच पैसे टोकन घेत जातात. मग तिथं खरंच घेणारा उभा असतो. मी स्वतः दीड वर्ष असे पट्टे लावलेत. तेच ४०,००० चालू भावाला दोन्ही बाजूंनी चिकटून लावले तर २,००० ची खरेदी एखादा टक्का पण हलवणार नाही. तू एकाच पूलवरून सगळ्यांना झोडायलास.

उदगीरचा_बापू: बरं, व्ही३ मध्ये सपोर्ट असू शकतो, मान्य, माझं "कुठंच नसतो" असं वाचलं गेलं असेल तर ते चूक. पण तो कॅन्डलवरून दिसतो का? पट्टा काढून घ्यायला एक व्यवहार पुरतो आणि भाव तसूभर हलत नाही, चार्टवर त्याची खूणच उमटत नाही. मग पुढची साधी विक्री आली की पट्ट्याबाहेर धपकन खाली.

संभाजीनगर_रात्रपाळी: ते खरंय. माझाच एक पट्टा मी असा रात्री काढला होता, सकाळी लोकं न्यूज शोधत होते.

धाराशिवची_लेक: माझा प्रश्न राहिला. मी ह्याच टोकनमध्ये होते, मागं ०.०१ चं ०.००५ झालं तेव्हा लिक्विडिटी ४०,००० वरून २८,००० च्या आसपास आलेली. कुणी पूलमधले पैसे काढून पळालं, रग झाली, म्हणून घाबरून विकलं. रग होती का?

उदगीरचा_बापू: नाही ताई. व्ही२ मध्ये भाव निम्मा झाला की लिक्विडिटीचा डॉलरमधला आकडा आपोआप ०.७०७ पट होतो, वर्गमूळाच्या हिशोबानं. ४०,००० चे २८,२८४. म्हणजे कुणी एक रुपया काढला नाही. भाव जागेवर आणि आकडा खाली, किंवा भाव निम्मा आणि आकडा एकदम १५,०००, असं दिसलं तर कुणीतरी काढलंय. एंट्रीच्या आधी मी हेच दोन आकडे शेजारी ठेवतो, आणि माझी रक्कम पूलमधल्या यूएसडीसीच्या एक टक्क्याच्या वर जात असेल तर घेतच नाही, कारण मध्ये भाव परत जागेवर आला तर जाता येता मिळून दोनेक टक्के इम्पॅक्टलाच जातात.

धाराशिवची_लेक: मग मी उगाच विकलं. आणि तो तोटा दुसऱ्या टोकनच्या नफ्यातून वजा पण होत नाही, ३० टक्के टॅक्स नफ्यावर भरायचाच.

भाव_बघणारा: एकच खरेदी होती हे मी बघितलं नव्हतं, तेवढं मान्य. "पुढच्या कॅन्डलला घ्या" हे मागे घेतो. पण ०.०१ ला तीनदा उठलं ते तीन वेगळ्या वॉलेटांमुळं असेल तर माझा मुद्दा संपत नाही. तपासून सांगतो.

उदगीरचा_बापू: तपास, आणि त्या तीन वॉलेटांत पहिल्यांदा पैसे कुठून आले ते पण बघ.

मोंढा_रोड_परभणी: आमचे चाळीस कट्टे अजून घरात आहेत. कुणाला ह्या आठवड्यातला भाव माहीत असंल तर टाका.