कॅन्टीनच्या कामगारांसाठी हात धुणे, आजारपण, हातमोजे यांची सूचना: मजकूर बघून द्याल का?

रानजाई:
चाकणजवळच्या एका कारखान्याचं कॅन्टीन सांभाळते. चपात्यांना आसपासच्या गावातल्या बायका, कापाकापीला आणि वाढायला पोरं. ऑडिटनंतर भिंतीवर सूचना लावायला सांगितलंय. एचआरचा मजकूर असा: 'कर्मचाऱ्यांनी वैयक्तिक स्वच्छतेचे काटेकोर पालन करावे व आजारी असल्यास व्यवस्थापनास अवगत करावे.' हे कोण वाचणार? मी लिहिलेलं:

'कामाआधी साबणाने हात धुवा. आजारी असाल तर सांगा. हातमोजे घालूनच काम करा.'

एवढं पुरेल का?

खलबत्ता:
छान आहे. हातमोजे दिवसभर सक्तीचे करा आणि दाराशी सॅनिटायझर ठेवा. मग बेसिनपाशी गर्दी होत नाही.

तपासनीसकाका:
रानजाई, तिसरं वाक्य आधी काढा. खलबत्ता, कच्च्या मांसाला वेगळे हातमोजे असावेत हे खरं, पण दिवसभर तेच घालून ठेवले की घात होतो. पोरगा हातमोजे घालून चिकन कापतो, त्याच हाताने कूपन घेतो, मोबाईल खिशात सारतो आणि काकडी चिरायला बसतो. उघड्या हाताला चिकट लागलं की माणूस आपोआप नळाकडे जातो, हातमोज्यात ते जाणवतच नाही. चिकन शिजणार आहे, काकडी नाही.

म्हणून कच्चं मांस सोडलं तर जे न शिजवता थेट ताटात जातं त्यालाच हातमोजे सांगा: कोशिंबीर, चिरलेली फळं. काम बदललं, फाटले किंवा पैसे हाताळले की फेकायचे. नवे घालण्याआधी हात धुवायचे, नाहीतर हातावरची घाण हातमोज्याच्या बाहेरून लागते. तव्यापाशी मात्र नकोतच, प्लास्टिक वितळून हाताला चिकटतं.

सॅनिटायझर तेलकट हातावर नीट चालत नाही, आणि उलट्या-जुलाबांच्या काही विषाणूंवर त्याचा भरवसा नाही. साबणच हवा.

अंबाडी:
आमच्या हॉस्टेलच्या मेसचं एफएसएसएआय लायसन्स संपत आलंय, नूतनीकरणाला मेडिकल लागतं का?

तपासनीसकाका:
अंबाडी, कामगारांची वर्षातून एकदा तपासणी करून दाखले जवळ ठेवायचे असतात. बाकीचं वेगळ्या धाग्यात विचारा, इथे गल्लत होईल.

रानजाई, आता आजारपण. दोनदा पोट बिघडलं म्हणून कुणी स्वतःला आजारी समजत नाही. लक्षणांची नावंच लिहा: जुलाब, उलटी, कावीळ, तापासोबत घसादुखी, हातावर पिकलेली जखम किंवा गळू. जुलाब-उलटी थांबल्यावरही पूर्ण दोन दिवस स्वयंपाकघरात पाऊल नको. बरं वाटायला लागल्यावरही माणूस जंतू सोडत असतो. गळवातल्या पुवाचं तर आणखी वाईट: ते जंतू अन्नात वाढून विष सोडतात, ते विष परत उकळूनही जात नाही.

रानजाई:
पटलं. पण हजेरी बुडते म्हणून सांगतच नाहीत. मागे एक मावशी पोट धरून कणीक मळत होत्या, शेजारणीने सांगितलं म्हणून कळलं. ठेकेदार म्हणतो, काम नाही तर पैसे नाहीत.

तपासनीसकाका:
सूचनेतला सगळ्यात महत्त्वाचा शब्द हजेरीचाच आहे आणि तो देणं तुमच्या हातात नाही. ठेकेदाराकडून निदान त्या दोन दिवसांची हजेरी लिहून घ्या. गळूवाल्याला गोदामातली बंद पोती मोजायला बसवता येतं, जुलाबवाल्याला घरीच पाठवावं लागतं. हजेरी मिळत नसेल तर 'पगार कापणार नाही' असं भिंतीवर लिहू नका. एकदा खोटं ठरलं की उरलेल्या ओळीही कुणी मानणार नाही.

रानजाई:
मग असं करते:

'कामावर आल्यावर, संडासला जाऊन आल्यावर, कच्चं चिकन, अंडी, कचरा, पैसे किंवा मोबाईल हाताळल्यावर हात धुवा. हात ओले करा, साबण लावा. तळवे, हाताची पाठ, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं चोळा. सावकाश वीस आकडे मोजा. धुऊन कागदाने पुसा, त्याच कागदाने नळ बंद करा. पदराला, एप्रनला पुसू नका.

जुलाब, उलटी, कावीळ, ताप आणि घसादुखी, हातावर पिकलेली जखम: कामाला हात लावायच्या आधी रानजाईताईंना सांगा. फोन केला तरी चालेल.

हातमोजे फक्त कोशिंबीर, फळं आणि कच्च्या चिकनला. काम बदललं की फेका, हात धुवा, नवे घाला.'

हजेरीचं ठेकेदाराशी बोलून मगच लिहीन.

खलबत्ता:
कापलेल्या बोटाचं राहिलं. पट्टी बांधून वर हातमोजा. आमच्याकडे पट्ट्या मुद्दाम निळ्या असतात, भातात पडली तर दिसते. आणि वाढणारी पोरं बाहेरच्या राज्यातली असतील तर हिंदीतही लावा.

रानजाई:
लावते. आणि बांगड्या? ऑडिटवाले काढायला सांगतात, बायका हिरव्या बांगड्यांना हात लावू देत नाहीत.

तपासनीसकाका:
नियम काढा असाच आहे, काच फुटून कणकेत जाते. मी कुठे काढलेल्या पाहिल्या, कुठे कोपरापर्यंत सारून वर घट्ट बाही घातलेली. दुसऱ्यावर ऑडिटर अडून बसतो की नाही, ते माणसागणिक बदलतं.

अंबाडी:
आमच्याकडे तर मंगळसूत्रावरूनच भांडण झालं होतं.